हलकं काम म्हणजे किती किलो?

प्रिय तात्या,


तुमचं फिटनेस सर्टिफिकेट मिळालं. सोमवारपासून हजर व्हायला हरकत नाही, असं त्यात आहे आणि खाली एक ओळ : ‘हलके काम द्यावे.’ या ओळीने आपल्या स्टोअरमध्ये पूर्वी एकाला गोत्यात आणलंय, म्हणून हे पत्र.

तोही मणक्याच्या गादीचं ऑपरेशन करून आला होता. मी त्याला काउंटरवर स्टुलावर बसवलं. ओझं उचलायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो दिवसभर बसून राहिला आणि पंधरा दिवसांत कळ पुन्हा मांडीतून पोटरीत उतरली. अशा कमरेला सलग बसणंही जड जातं, हे मला तेव्हा कळलं.

सोबत तुमच्या कामाचा कागद जोडलाय. बेअरिंगची पेटी 18 किलोची, सर्वांत खालचा रॅक घोट्याएवढ्या उंचीवर, माळ्याला 14 पायऱ्या, रजिस्टर बसून लिहायचं. डॉक्टरांना तुमचं दुखणं माहीत आहे, तुमचं काम माहीत नाही. प्रत्येक बाबीपुढे त्यांच्याकडून लिहून आणा : किती किलो, सलग किती मिनिटं, वाकायचं की नाही आणि हे कुठवर.

तोवर मी आखलेला बेत असा. पहिले दोन आठवडे दहा ते दोन, पुढचे दोन दहा ते चार, मग पूर्ण पाळी. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं खरं. उरलेले तास रजेत धरायचे नाहीत, हे मालकांकडून लेखी घेतलंय. तुमचे सुटे भाग कमरेपासून छातीपर्यंतच्या रॅकवर आणलेत. रजिस्टरसाठी उंच टेबल ठेवलंय. थोडं बसून, थोडं उभ्याने लिहा. पेट्या पोरं ट्रॉलीवरून आणतील. फोर्कलिफ्टवर मात्र इतक्यात बसायचं नाही, त्याचे हादरे थेट कमरेत जातात. पोरांना मी ‘तात्या काय उचलणार नाहीत’ एवढंच सांगितलंय. तुमचे रिपोर्ट तुमच्यापाशीच राहू द्या.

दर शुक्रवारी आपण दहा मिनिटं बसू. संध्याकाळी पाठ भरून आली आणि रात्रीच्या झोपेने उतरली, तर तास वाढवू. कळ गुडघ्याखाली गेली किंवा पाऊल बधिर वाटलं, तर त्याच दिवशी काम थांबवून डॉक्टरांकडे जायचं. लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर शुक्रवारची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

2016च्या अपंग हक्क कायद्यात कामाच्या जागी वाजवी सोयी करून देण्याची तरतूद आहे. तुमचं दुखणं त्यात बसतं का, हा काथ्याकूट मला करायचा नाही. उंच टेबलाला कायदा लागत नाही.

तेव्हा सोमवारी नुसते येऊ नका. कागदावर डॉक्टरांचे आकडे भरून आणा.

तुमचा,
स्टोअर इन्चार्ज