पानावरची चौकट

जुनी साप्ताहिकं टंकून काढायचं काम मी करते. माझी फाइल उघडली की मूळ पान डोळ्यांसमोर उभं राहावं, हा माझा हट्ट. दोन रकाने, मधोमध आडवी पसरलेली चौकट, खाली उजवीकडे केसतेलाची जाहिरात, जिथलं तिथे. ‘तुमची फाइल म्हणजे अंकच’ असं कुणी म्हटलं की मला मनापासून आवडतं, आणि पुढच्या पानावर मी अधिक वेळ घालवते.

या हट्टाला धक्का दिला एका निवृत्त सरांनी. दृष्टी गेल्यापासून ते आमच्या फाइली संगणकाच्या आवाजात ऐकतात. ऐंशीच्या दशकातल्या एका साप्ताहिकातला धरणग्रस्तांवरचा लेख ऐकून त्यांचा फोन आला. “ताई, एक वाक्य दोनदा आलं. पण पहिल्यांदा त्यात ‘कदाचित’ नव्हतं, दुसऱ्यांदा आहे. लेखकाचं मन मध्येच पालटलं का?”

मी पान काढून पाहिलं. मोठ्या अक्षरातलं ते वाक्य चौकटीत होतं. संपादकाने लेखातून उचललेलं, आणि उचलताना ‘कदाचित’ गाळलेलं. ज्याला दिसतं तो जाड रेघ आणि मोठा टाइप पाहून लगेच ओळखतो, की हे आमिष आहे, मजकूर नव्हे. सरांच्या कानाला मात्र रेघ नसते. त्यांच्यापुरता लेखक आधी ठामपणे बोलला आणि मग कचरला. प्रत्यक्षात घडलं होतं त्याच्या नेमकं उलट.

तेव्हापासून ही चौकट कुठे ठेवायची, हे माझ्या डोक्यातून जात नाही. पानावर ती जिथे आहे तिथेच ठेवली तर ती परिच्छेदाच्या पोटात शिरते, कारण डाव्या रकान्यातलं वाक्य तिला वळसा घालून पुढे गेलेलं असतं. ती वगळायची म्हटलं तर पुरावाच जातो. ‘कदाचित’ लेखकाचं आहे आणि ते गाळणं संपादकाचं, हा फरक अभ्यासकाला कळायलाच हवा. म्हणून मी आधी लेखाचा प्रवाह पूर्ण जुळवते, डावा रकाना वरपासून खालपर्यंत, मग उजवा. चौकटीतलं वाक्य लेखात ज्या परिच्छेदात येतं, तो संपला की चौकट ठेवते. ऐकणाऱ्यासाठीच्या डेझी फाइलीत त्याकरता खूण आहे:

```
<sidebar render="optional">
  <hd>चौकट</hd>
  <p>…</p>
</sidebar>
```

`optional` लिहिलं की ऐकणाऱ्याला ती ओलांडून जाता येते, मात्र त्याच्या वाचकयंत्रात तशी सोय हवी. पण हेच मी लेखासोबतच्या माहितीच्या तक्त्यालाही लावलं, तर गावं आणि बुडालेली जमीन यांचे आकडेच सुटतात. कारण ते लेखात दुसरीकडे कुठे नसतात. तिथे मी `required` लिहिते. चौकट दिसायला सारखी असली तरी आतलं वाचल्याशिवाय ठरवता येत नाही.

यंत्राने अक्षरं ओळखून दिलेला मजकूर आता सगळेच वापरतात, मीही. रकान्यांमधली फट अरुंद असली की यंत्र डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून टाकतं. अशी जोड पकडायला मराठीचं व्याकरण कामी येतं. ‘म्हातारी’ने सुरू झालेलं वाक्य ‘म्हणाला’वर संपलं की समजायचं, मध्ये रकाना ओलांडला गेलाय. दोन्हीकडे पुल्लिंगी कर्ता असेल तर मात्र चूक बेमालूम बसते. तिथे पान समोर ठेवून बोट फिरवण्याला पर्याय नाही, आणि ते बोट फिरवायचं हल्ली बरेचजण टाळतात. माझं त्यांच्याशी पटत नाही.

त्याहून वाईट म्हणजे जाहिराती कापून ‘स्वच्छ’ प्रत करणारे. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. त्या सुमाराच्या सुट्या पानावर अंकाची तारीख नसेल, आणि साबणाची किंमत आणे आणि नवे पैसे अशी दोन्हींत छापलेली असेल, तर ते पान कुठल्या काळातलं हे जाहिरातच सांगते. ती कापली की तो धागा तुटला. जाहिरात मी लेख संपल्यावर घालते, मूळ जागा कंसात नोंदवते. आणि लेखासारखी रचलेली जाहिरात असेल तर कोपऱ्यातला बारीक ‘जाहिरात’ हा शब्द सगळ्यात आधी टंकते. तो सुटला की औषधवाल्याचा दावा ऐकणाऱ्याला डॉक्टरांचा लेख वाटणार.

सरांशी वाद अजून मिटलेला नाही. त्यांना उचललेली वाक्यं सगळी लेखाच्या शेवटी हवीत, एका ठिकाणी. मला ती परिच्छेदाजवळ हवीत, ‘कदाचित’ ताजं असतानाच. गेल्या आठवड्यात त्यांनी नवीच अडचण काढली. एका चौकटीतलं वाक्य लेखात कुठेच नाही. जागा कमी पडली म्हणून छापताना परिच्छेद कापला गेला असावा आणि चौकट तेवढी राहिली. तिला कुठल्या परिच्छेदाजवळ बसवायचं? सध्या मी ती पानाच्या शेवटी ठेवली आहे, ‘मूळ वाक्य लेखात नाही’ एवढी नोंद करून.