साडेसातशे किलोमीटरचा हिशेब

वीजवहनाच्या नियोजनात नव्याने आलेला प्रत्येक तरुण इंजिनिअर मला एकदा तरी विचारतो, "सर, नेमक्या किती किलोमीटरनंतर डीसी लाइन एसीपेक्षा स्वस्त पडते?" पुस्तकात याचं उत्तर असतं. टॉवरवरून जाणाऱ्या लाइनसाठी साधारण ६०० ते ८०० किलोमीटर, आणि समुद्राखालच्या केबलसाठी ५० किलोमीटरच्या आसपास. उत्तर बरोबर आहे. पण ६०० आणि ८०० यांच्यात दोनशे किलोमीटरचा फरक आहे, आणि आपल्या राज्यातली सगळ्यात महत्त्वाची डीसी लाइन नेमकी त्या पट्ट्यात येते. चंद्रपूर ते पडघे, ७५२ किलोमीटर. म्हणून मी त्या मुलांना आकडा सांगत नाही, कागद पुढे ओढतो आणि हीच लाइन मांडायला लावतो.

गरज काय होती ते आधी पाहू. कोळसा चंद्रपूरला, विजेची भूक मुंबई-ठाण्याला, आणि मधे अख्खा महाराष्ट्र आडवा. १९९९ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने ही लाइन सुरू केली. १५०० मेगावॅट, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, दोन पोल. आज ती महापारेषणकडे आहे.

हेच १५०० मेगावॅट एसीने न्यायचे असते तर? ४०० किलोव्होल्टच्या नेहमीच्या एसी सर्किटला सहज पेलवणारा भार ५०० मेगावॅटच्या जवळपास असतो. तार त्याहून जास्त वीज वाहू शकते, तापत नाही, तरीही लांब अंतरावर तितकी पाठवता येत नाही. एसी लाइनच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये एक कोन असतो. लाइन जितकी लांब आणि भार जितका जास्त, तितका तो कोन उघडतो. तो फार उघडला, की एखाद्या लहानशा धक्क्यानेही दोन टोकांचं एकमेकांशी असलेलं भान सुटतं आणि लाइन तुटते. म्हणून साडेसातशे किलोमीटरवर एका सर्किटवर पाचशेही भरवशाचे नाहीत. हिशेब मांडला तर साधारण चार सर्किटं लागतात. मधे सीरिज कपॅसिटर बसवले तर तिनावर भागू शकतं, पण एक सर्किट बंद पडलं तरी वीज पोहोचायला हवी, ही अट विसरता येत नाही. थोडक्यात, दुहेरी सर्किटच्या टॉवरच्या दोन रांगा. डीसीला एकच रांग पुरते, तिच्यावर दोनच पोल, आणि कोनाचा प्रश्नच नाही, कारण डीसीला कोन नसतो.

आता कागदावर आकडे घेऊ. हे खऱ्या बिलातले रुपये नव्हेत, प्रमाण कळावं म्हणून धरलेले एकक आहेत. एसीच्या दोन रांगा मिळून दर किलोमीटरला २.६ एकक धरू, डीसीच्या एका रांगेला १.६. एसीच्या दोन्ही टोकांची सबस्टेशनं मिळून २००, डीसीची दोन्ही टोकांची कन्व्हर्टर स्टेशनं मिळून ९००. डीसीला सुरुवातीलाच ७०० एककांचा बोजा आहे, आणि दर किलोमीटरला ती एक एकक वाचवते. ७०० किलोमीटरवर बरोबरी होते. हेच ते समतोल अंतर. टोकांच्या खर्चातला फरक, भागिले दर किलोमीटरच्या खर्चातला फरक, इतकीच त्याची व्याख्या.

साडेसातशे किलोमीटरवर एसीचा खर्च येतो २१५०, डीसीचा २१००. एवढ्या मोठ्या कामात हा फरक जवळपास शून्यच. कन्व्हर्टर स्टेशनांची किंमत दहा टक्के वाढली, तर डीसी २१९० वर जाते आणि एसी जिंकते. समतोल अंतर ७०० वरून ७९० वर सरकतं. लाइनच्या लांबीत एका मीटरचाही बदल झालेला नाही, स्टेशनचा भाव बदलला आणि अंतर नव्वद किलोमीटरने हललं. माझं सगळं म्हणणं या एका उदाहरणात आहे. समतोल अंतर लाइनवर नव्हे, दोन टोकांच्या कुंपणांच्या आत ठरतं.

मग त्या कुंपणाच्या आत इतका पैसा कशात जातो?

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की सगळी किंमत थायरिस्टरची असेल. व्हॉल्व्ह हॉलचं दृश्यच तसं असतं. तीन-चार मजली उंच, धातूच्या पत्र्याने आतून मढवलेली खोली, छताला टांगलेले व्हॉल्व्हचे मनोरे, त्यांच्यातून फिरणारं आयनमुक्त पाणी. पण व्हॉल्व्हचा वाटा स्टेशनच्या खर्चात साधारण एक पंचमांश असतो. कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर त्याच्या जवळ जातो, सुमारे एक षष्ठांश. एसी फिल्टर एक दशांश, तितकाच अभियांत्रिकीचा खर्च, इमारती आणि स्थापत्यकाम त्याहून थोडं जास्त. उरलेल्यात नियंत्रण यंत्रणा, बाकीची उपकरणं, वाहतूक, विमा, उभारणी. एकच महाग वस्तू काढून टाकली आणि स्टेशन स्वस्त झालं, असं होत नाही.

त्यातल्या दोन वस्तूंवर थोडं थांबतो, कारण अंदाजपत्रकं चुकतात ती बहुधा इथेच.

कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर दिसायला साध्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरसारखा असतो. पण त्याची एक बाजू एसी ग्रिडला आणि दुसरी व्हॉल्व्हला जोडलेली असते. व्हॉल्व्हच्या बाजूच्या वाइंडिंगवर एसीबरोबर डीसीचाही ताण सतत बसतो. एसीचा ताण तेल आणि कागद यांच्यात एका रीतीने वाटला जातो, डीसीचा वेगळ्याच रीतीने, आणि त्याचा भार मुख्यतः कागदावर येतो. म्हणून इन्सुलेशनची रचना वेगळी, बुशिंग वेगळं, चाचण्या वेगळ्या. शिवाय व्होल्टेज सतत जुळवत राहण्यासाठी टॅप चेंजर मोठ्या पल्ल्याचा लागतो आणि तो खूप राबतो. १५०० मेगावॅटच्या अशा बायपोलला प्रत्येक टोकाला सहा एकफेजी ट्रान्सफॉर्मर लागतात, प्रत्येकी सुमारे ३०० एमव्हीएचा. सातवा राखीव ठेवावा लागतो, कारण एक जळाला तर नवा बनून यायला महिने जातात आणि तेवढा काळ अर्धी लाइन थंड पडते. एसीशी तुलना करताना हा सातवा हमखास राहून जातो. अंदाजपत्रक हातात आलं की मी आधी तो शोधतो.

दुसरी वस्तू फिल्टर. थायरिस्टरचा कन्व्हर्टर जितकी वीज हाताळतो, त्याच्या जवळपास निम्मी ते साठ टक्के रिअॅक्टिव्ह पॉवर ग्रिडकडून ओढतो. १५०० मेगावॅटला म्हणजे ७५० ते ९०० मेगाव्हार. हे ग्रिडने द्यायचं नसतं, स्टेशननेच आपल्या आवारात तयार करायचं असतं. त्यासाठी कपॅसिटर आणि रिअॅक्टरच्या रांगा उभ्या राहतात. त्या कन्व्हर्टरने निर्माण केलेले अकराव्या, तेराव्या, तेविसाव्या, पंचविसाव्या पटीचे हार्मोनिकही गिळतात. यंत्रांची किंमत एक दशांश असली, तरी स्टेशनच्या आवारातली फार मोठी जागा या रांगाच अडवतात. पडघ्यात ते जमलं. मुंबईच्या पोटात जमिनीचा भाव लावून पाहा, मग फिल्टरचा खरा खर्च कळेल.

थायरिस्टर कन्व्हर्टरची आणखी एक गरज असते, ती म्हणजे समोरच्या टोकाचं मजबूत एसी ग्रिड. मुंबईच्या बाजूला कुठे दोष होऊन व्होल्टेज अचानक खाली बसलं, की व्हॉल्व्हमधला प्रवाह एकाकडून दुसऱ्याकडे वेळेत सरकत नाही. डीसी व्होल्टेज कोसळतं आणि प्रवाह उसळतो. नोंदींच्या आलेखावर हे दोन्ही एकाच क्षणी दिसले, की कम्युटेशन फेल्युअर झालं हे लगेच ओळखता येतं. ग्रिडची शॉर्ट सर्किट क्षमता डीसीच्या मेगावॅटच्या तिपटीहून कमी असेल, तर असे प्रसंग वाढतात आणि सिंक्रोनस कंडेन्सरसारखी जादा यंत्रं लावावी लागतात. त्यांचा पैसा पुन्हा स्टेशनच्याच खात्यात पडतो आणि समतोल अंतर आणखी पुढे जातं.

एसीच्या खात्यातही लपलेले खर्च आहेत, आणि डीसीवर अन्याय होऊ नये म्हणून तेही मांडायला हवेत. साडेसातशे किलोमीटरची एसी लाइन एका दमात जात नाही. अडीचशे-तीनशे किलोमीटरवर मधलं स्विचिंग स्टेशन लागतं, तिथे रिअॅक्टर आणि कपॅसिटर बसतात. अशी दोन स्टेशनं, प्रत्येकी ८० एकक धरली, तर एसीचा आकडा २१५० वरून २३१० होतो आणि डीसीचा विजय स्पष्ट दिसू लागतो. एसीची रेषा आलेखावर सरळ जात नाही, पायऱ्या चढत जाते. त्या पायऱ्या कुठे पडतात त्यावरही समतोल अंतर अवलंबून असतं. जमिनीचंही तसंच. ४०० किलोव्होल्टच्या एसी रांगेला आणि ५०० किलोव्होल्टच्या डीसी रांगेला लागणारा पट्टा साधारण सारखाच, पन्नास मीटरच्या आसपास. एसीला दोन रांगा लागल्या तर मार्गावरच्या शेतकऱ्यांची दुप्पट जमीन अडते. वनजमिनीचा आणि पिकांच्या भरपाईचा खर्च दर किलोमीटरच्या फरकात खरेपणाने धरला, तर तो फरक १ वरून १.२५ वर जायला वेळ लागत नाही. समतोल अंतर मग ७०० वरून ५६० वर येतं.

पण ती मधली स्टेशनं निव्वळ खर्च नसतात. त्यांच्यातून विदर्भाला, मराठवाड्याला वीज उतरवता येते. डीसी लाइन त्यांच्या डोक्यावरून जाते आणि मधे कुठेही उतरत नाही, कारण उतरवायला आणखी एक कन्व्हर्टर स्टेशन लागेल. वाटेतल्या जिल्ह्यांना वीज हवी असेल, तर त्यांच्यासाठी निराळी एसी लाइन टाकावीच लागते. तिचा खर्च या तुलनेत कुणी धरत नाही. माझ्या मते धरायला हवा.

नुकसानीचा हिशेब मात्र सोपा आहे. प्रत्येक कन्व्हर्टर स्टेशन आपल्या हातून जाणाऱ्या विजेच्या साधारण ०.७ टक्के खातं. दोन्ही मिळून १५०० पैकी सुमारे २१ मेगावॅट. अंतर काहीही असो, हे जायचेच. तारेतलं नुकसान मात्र डीसीत कमी, आणि अंतर वाढेल तशी ती बचत वाढते. लाइन वर्षभर भरून चालणार असेल तर ही बचत मोठी होते. अर्ध्या भारावर चालणार असेल तर तिला फार महत्त्व देऊ नये.

आता कागदावरचं अंतर पुसून टाकतो. मुंबईसाठी कुडूस ते आरे अशी डीसी जोडणी हाती घेतली गेली, १००० मेगावॅटची, अवघ्या ८० किलोमीटरची. वरच्या हिशेबात ती शुद्ध वेडेपणा ठरेल. पण त्यातले सुमारे ५० किलोमीटर जमिनीखालून जातात. ४०० किलोव्होल्टची एसी केबल स्वतःच एक लांबलचक कपॅसिटर असते. दर किलोमीटरला १० मेगाव्हारच्या आसपास, म्हणजे ५० किलोमीटरला एका सर्किटचे पाचशे. टोकाचं घर गाठण्याआधीच तिची बरीच क्षमता स्वतःला चार्ज करण्यात खर्च होते. तिथे व्होल्टेज सोर्स प्रकारचे कन्व्हर्टर निवडले. ते थायरिस्टरपेक्षा थोडी जास्त वीज खातात, साधारण एक टक्का, पण त्यांना फिल्टरची मोठी बाग लागत नाही आणि समोरचं ग्रिड दुबळं असलं तरी ते चालतात. शहरात स्टेशनला जागा किती लागते, हाच तिथे खर्चाचा मुख्य आकडा होता.

चंद्रपूरजवळ भद्रावतीला तर लाइनची लांबी शून्य आहे. तिथे १९९७-९८ मध्ये पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन बॅक-टू-बॅक कन्व्हर्टर बसले, दोन्ही टोकं एकाच आवारात. कारण पश्चिम आणि दक्षिण ग्रिड तेव्हा एकाच तालात चालत नव्हते, त्यांना एसीने जोडणंच शक्य नव्हतं. स्वस्त-महाग हा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ किलोव्होल्ट लाइनने दक्षिण ग्रिड बाकी देशाशी समकालिक झालं आणि भद्रावतीचं मूळ कारण संपलं, उपयोग मात्र संपला नाही. एसी लाइनमधली वीज आपला मार्ग ग्रिडच्या अवस्थेप्रमाणे घेते. भद्रावतीच्या कन्व्हर्टरमधून मात्र किती मेगावॅट आणि कोणत्या दिशेने जायचे, हे नियंत्रण कक्षातून ठरवता येतं.