अंबाडा की मोकळे केस?

आपल्याकडे लग्नाची खरेदी सहा महिने आधी सुरू होते, दागिन्यांचे वजन दोनदा पडताळले जाते. परंतु वधूच्या केशरचनेचा निर्णय पुष्कळदा लग्नाच्या सकाळी, आरशासमोर, घाईत होतो. हल्ली ब्युटीपार्लरमध्ये आधी एक चाचणी करून घेण्याची पद्धत आली आहे. काही ज्येष्ठांना तो निष्कारण खर्च वाटतो. मला तो तेरजेसारखा वाटतो. ताळेबंद मांडण्यापूर्वी तेरीज जुळवून पाहावी लागते, कारण चूक तिथे सापडली तर दुरुस्त करता येते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हिंगणघाटच्या भाचीचे लग्न वर्ध्यात झाले. मे महिना, सकाळचे फेरे आणि सूर्यास्तापूर्वी आटोपणारे स्वागतभोजन. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसांत पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, हे वाचकांना सांगायला नको. मुलीच्या मनात केस मोकळे सोडायचे होते. पण तिची एक अडचण होती आणि ती तिने आईलाही सांगितली नव्हती. दिवाळीच्या सुमारास तिला डेंग्यू झाला होता. अशा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळू लागतात आणि पुढे काही महिन्यांत आपोआप परत येतात. तिच्या बाबतीत तसेच घडले. मे महिन्यात तिच्या कानशिलांवर बोटभर उंचीचे नवे केस उभे होते आणि लांब केसांची टोके विरळ झाली होती. “भुवाजी, फोटोत सगळ्यांना दिसेल,” एवढेच ती म्हणाली.

लग्नाच्या तीन आठवडे आधी आम्ही चाचणीला बसलो. केस आदल्या दिवशी धुतले होते, कारण नुकतेच धुतलेले केस निसरडे असतात आणि त्यांत आकडे टिकत नाहीत. लग्नाच्या ब्लाउजइतक्याच खोल गळ्याचा ब्लाउज, बोर, कर्णफुले आणि मुख्य म्हणजे लग्नाची ओढणी सोबत नेली. ओढणी भावाने दुकानाच्या काट्यावर तोलली, ती सव्वा किलो भरली. ओढणीवाचून केलेली चाचणी मी अपुरीच म्हणेन. डोक्यावर सव्वा किलो येणार असेल, तर रचना तेवढे वजन पेलते की नाही हाच पहिला प्रश्न असतो.

चेहऱ्याचा आकार आम्ही नुसत्या नजरेने ठरवला नाही. सरळ पट्टी समोर धरून मोजला. शिंप्याची फीत गालांच्या गोलाईवरून फिरते आणि रुंदी फुगवून सांगते. कपाळावरील केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत सतरा सेंटिमीटर आणि गालांच्या हाडांपाशी साडेचौदा. लांबी रुंदीपेक्षा थोडीच जास्त, जबडा मऊ, म्हणजे चेहरा गोलाकडे झुकणारा. अशा चेहऱ्याला टाळूवर थोडी उंची हवी आणि गालांच्या पातळीवर फुगवटा नको, एवढा त्याचा साधा हिशेब.

प्रथम तिच्या इच्छेप्रमाणे मोकळे केस. ब्युटिशियनने मोठ्या बटा वळवल्या. पाच मिनिटे रूप खरोखर सुरेख दिसले. मग ओढणी घातली. तिच्या दाबाने टाळूवरचे केस चपटे झाले, बटा दोन्ही गालांशी फुगल्या आणि चेहरा होता त्याहून रुंद दिसू लागला. तासाभरात मानेवरच्या घामाने मागच्या बटा सैल झाल्या. टोकांचा विरळपणा झाकायला गंगावन लावावे, असे ब्युटिशियनने सुचवले. पण गंगावनाच्या चिमट्यांना धरायला मुळाशी दाट केस लागतात. नव्या कोवळ्या केसांवर दिवसभर तो ताण देणे मला योग्य वाटले नाही. शिवाय वरमाला गळ्यात पडताना केस तिच्यात गुंततात आणि फेऱ्यांच्या वेळी अग्नी हातभर अंतरावर असतो.

दुसरा प्रयोग उंच अंबाड्याचा. चेहरा लगेच लांबट दिसला, मुलगी खूश झाली. पण बाजूने पाहिले तर ओढणीखाली डोक्याला सुळका आल्यासारखे दिसत होते. सगळे वजन एका जागी मागे ओढले जात असल्याने चाळीस मिनिटांत तिचे कपाळ दुखू लागले. हे दुखणे “सवय होईल” म्हणून सोडून देऊ नये. एकाच बिंदूवर टोचत असेल तर आकडा चुकीचा बसलेला असतो आणि तो काढून पुन्हा लावता येतो. पण कपाळाची पूर्ण रेषा ताणल्यासारखी वाटत असेल, तर रचनाच बदलावी.

तिसरी रचना मानेलगतच्या अंबाड्याची. कानापासून कानापर्यंत आडवा भाग पाडून पुढचे केस वेगळे ठेवले. टाळूवरचे केस मुळाशी उलटे विंचरून दोन बोटे उंची दिली आणि वरून एक पातळ थर गुळगुळीत फिरवला. मागच्या केसांची सैल पोनी बांधून तिच्याभोवती अंबाडा वळवला. आत फोमची रिंग असल्याने विरळ टोके आपोआप झाकली गेली. कानांवरचे केस चपटे, पण ताणून नव्हे. कानशिलावरचे नवे केस जेलने चिकटवायचा मोह ब्युटिशियनला झाला होता. मी ते तसेच मोकळे ठेवायला सांगितले आणि ते मुद्दाम सोडलेल्या बारीक बटांसारखे दिसले. ओढणीसाठी टाळूच्या उंचीमागे दोन क्लिपा फुलीसारख्या एकमेकींवर लावून आधार केला. क्लिपेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवली, म्हणजे पकड घट्ट बसते. ओढणीचे बरेचसे वजन खांद्यांवर ब्लाउजला टाचून उतरवले.

मग तिला तीन तास तसेच ठेवले. ती जेवली, मांडी घालून बसली-उठली, आजीच्या पाया पडायला वाकली. काही हलले नाही. फोटोही काढले, ते दोन मीटर दूर उभे राहून. हातभर अंतरावरून फोन धरला तर नाक मोठे होते, चेहऱ्याची प्रमाणे बदलतात आणि निर्णय चुकतो.

त्याच दिवशी भावाच्या सुनेनेही हौसेने तोच अंबाडा घालून पाहिला. तिचा चेहरा लांबट. टाळूची उंची तिला मुळीच शोभली नाही. ती उंची काढून कानांच्या बाजूला थोडा फुगवटा दिला, अंबाडा पसरट केला, तेव्हा चेहरा भरल्यासारखा झाला. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर मानेपाशी भर हवी; तिथे खांद्यावर आलेली सैल वेणीही चांगली दिसते. चौकोनी जबड्याला कानासमोरची एखादी मऊ बट पुरते. मात्र चेहऱ्याच्या आकाराला मी तिसरे स्थान देईन. केसांची ताकद आणि डोक्यावरचे वजन हे दोन प्रश्न त्याच्याही आधी सुटायला हवेत.

मोकळ्या केसांची हौस राहून गेली असे मात्र नाही. स्वागतसमारंभ वातानुकूलित सभागृहात होता आणि हलकी साडी होती. तिथे टाळूवरचे केस मागे बांधून उरलेले पाठीवर सोडले. टोके मात्र आठवडाभर आधी चार बोटे कापून घेतली होती, त्यामुळे ती भरीव दिसली. अर्धे बांधलेले केस गालांपासून दूर राहतात, म्हणून गोल चेहऱ्यालाही चालतात.

सकाळचा अंबाडा सोडताना मी स्वतः बसले. उलटे विंचरलेले केस वरून फणी घालून ओढले तर तुटतात. आधी बोटांनी सोडवावे, थोडे तेल लावावे आणि टोकांकडून मुळांकडे यावे. सकाळी चौतीस आकडे-क्लिपा लावल्या होत्या, त्या वाटीत मोजून घेतल्या. तेहतीस भरल्या. चौतिसावा आकडा अंबाड्याच्या रिंगमध्ये अडकलेला सापडला, तेव्हाच मुलीला उठू दिले.