शिबिरात पाय मिळाला, पुढे?

परवा तालुक्यात कृत्रिम पायांचं शिबिर झालं. बातमी मीच दिली. बातमीत न मावलेलं इथे लिहितो, कारण माझाही डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिमच आहे.

उरलेला पाय पहिलं वर्षभर आटत जातो, दिवसभरातही थोडा बारीक होतो. सॉकेट मात्र तेवढंच राहतं. मग पाय आत खोल उतरतो आणि भार भलत्याच जागी, टोकावर येतो. दुपारी टोक दुखलं की मी आणखी एक मोजा चढवायचो. मोजे चारवर गेले तरी ‘होईल सवय’ म्हणत राहिलो. खरं तर तेव्हाच सॉकेट बदलून घ्यायला हवं होतं.

रोज रात्री पाय धुऊन, कोरडा करून, आरसा धरून कातडी बघायचो. लाली दहा-पंधरा मिनिटांत जायची. एकदा नडगीच्या टोकावरची सकाळपर्यंत गेली नाही. तरी पाय चढवून सभेला गेलो, शहाणाच ना! फोड फुटला, तीन आठवडे कुबड्या.

शिबिरवाल्यांचा नंबर बंद. शेवटी शहरात जाऊन पदरमोड करून सॉकेट बदललं.

परवा पाय घेतलेल्यांनी आयोजकांना आजच विचारा: सॉकेट सैल झालं तर कुणाकडे यायचं? उत्तर इथे कळवा, छापतो.