तक्त्यातली चौथी ओळ

आमच्या पहिल्या तक्त्यात आम्ही पहिले आलो होतो. डावीकडे बेचाळीस सुविधांची यादी, वर चार बँकांच्या अ‍ॅपची नावं आणि प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण किंवा फुली. आमच्या अ‍ॅपला अडतीस खुणा मिळाल्या, दुसऱ्या नंबरला एकतीस. मी पुण्यात एका बँकेच्या अ‍ॅपवर काम करते. तो तक्ता मीच भरला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या बेचाळीसपैकी बहुतेक नावं मी आमच्याच अ‍ॅपच्या मेनूमधून उतरवून घेतली होती. प्रश्नपत्रिका आपणच काढली की पहिला नंबर येणारच.

दिवाळीत घरी सेमाडोहला गेले. परतवाडा-धारणी रस्त्यावर, मेळघाटच्या जंगलात आमचं गाव आहे. बाबांचं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे आणि किराणा येतो परतवाड्याच्या व्यापाऱ्याकडून. त्याला पैसे पाठवायला बाबा आमच्याच बँकेचं अ‍ॅप वापरतात, कारण ते मीच टाकून दिलंय.

त्या आठवड्यात त्यांनी ३,२०० रुपये पाठवले. पिन टाकला आणि रेंज गेली. गोल चक्र फिरत राहिलं, मग अक्षरं आली : ‘काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ खाली व्यवहारांच्या यादीत काहीच नव्हतं. बाबांनी रेंज आल्यावर पुन्हा केलं. संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला, दोनदा पैसे आले म्हणून. ओळखीचा माणूस, पुढच्या मालात वळते केले.

बाबा चिडले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, “काऊन वं, पैसे गेले का नाही हे त्यालेच माहीत नसन, तं तसं सांगाव ना. पुन्हा करा काऊन म्हणते?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायची लाज वाटली. फोनवरून निघालेली विनंती बँकेपर्यंत पोहोचली, पैसे गेले, आणि ‘गेले’ हा निरोप परत येताना वाटेत हरवला. फोनला फक्त एवढं कळतं की उत्तर आलं नाही. उत्तर न येणं आणि व्यवहार फसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या अ‍ॅपने त्या एक मानल्या होत्या. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियमही इथे कामाला येत नाही. एकाच्या खात्यातून पैसे कापले गेले पण दुसऱ्याच्या खात्यात पोहोचले नाहीत, तर ते ठरलेल्या मुदतीत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा तो नियम. बाबांचे पैसे दोन्ही वेळा व्यवस्थित पोहोचले होते. यंत्रणेच्या दृष्टीने सगळं यशस्वी होतं.

पुण्याला परतल्यावर मी मॅडमना तक्ता नव्याने करायची परवानगी मागितली. या वेळी सुविधा मोजायच्या नाहीत, कामं मोजायची. खातेदार अ‍ॅप कशासाठी उघडतो, अशी चार कामं निवडली. प्रत्येकाचं वजन आणि पाचपैकी गुण कसे द्यायचे हे एकही अ‍ॅप उघडण्याआधी लिहून त्यावर तारीख टाकली. आकडे दिसल्यावर निकष ठरवले की ते आपल्या बाजूला झुकतात, हे मला पहिल्या तक्त्याने शिकवलं होतं.

नेट तुटण्याच्या ओळीसाठी असं लिहिलं : ‘उत्तर यायचं आहे, पुन्हा पाठवू नका’ असं सांगून व्यवहार यादीत दाखवला आणि पुढे स्वतःच निकाल कळवला तर पाच. काही सांगितलं नाही, पण अ‍ॅप पुन्हा उघडल्यावर यादीत दिसला तर तीन. ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटलं आणि यादी कोरी ठेवली तर एक. मधल्यांना दोन किंवा चार.

चाचणी मी केली नाही, कारण आमचं अ‍ॅप मी डोळे मिटूनही चालवते. नुकत्याच रुजू झालेल्या तिघांनी चारही बँकांत साधी बचत खाती उघडली. तिघांकडे एकाच मॉडेलचे, मध्यम किमतीचे फोन आणि एकाच कंपनीची सिमं दिली. पहिल्या अ‍ॅपवर अडखळलेला माणूस चौथ्यापर्यंत सरावतो, म्हणून प्रत्येकाने वेगळ्या अ‍ॅपपासून सुरुवात केली. पिन टाकून बटण दाबलं की लगेच फोन एअरप्लेन मोडवर, दोन मिनिटं थांबायचं, मग नेट चालू. प्रत्येक अ‍ॅपवर तीनदा. कोणती आवृत्ती, कोणत्या दिवशी, हेही लिहिलं, कारण पुढच्या अपडेटला हा तक्ता शिळा होणार होता. प्ले स्टोअरचे तारे घेतलेच नाहीत. काही अ‍ॅप पैसे यशस्वी गेल्या क्षणीच तारे मागतात; त्या क्षणी कोण कमी देईल?

| काम (वजन) | आम्ही | अ | ब | क |
|---|---|---|---|---|
| नव्या फोनवर नोंदणी (२०) | ४ | ३ | ४ | २ |
| बाकी पाहणं (२०) | ४ | ३ | ५ | ३ |
| पैसे पाठवणं (३०) | ५ | ४ | ४ | ३ |
| नेट तुटल्यावर खरं सांगणं (३०) | १ | ५ | २ | ३ |
| एकूण, शंभरपैकी | ६८ | ७८ | ७२ | ५६ |

आम्ही तिसरे.

बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षितच होता. “चौथ्या ओळीला तीस का? तुझ्या गावात रेंज नाही म्हणून?” प्रश्न रास्त होता. वजन हा शेवटी कुणाचा तरी अंदाजच असतो, माझा तर घरातून आलेला. म्हणून मी आधीच वजनं बदलून पाहिली होती. चारही ओळींना सारखं वजन दिलं तर अ आणि ब दोघं पंच्याहत्तरवर, आम्ही सत्तर. चौथ्या ओळीला फक्त दहा आणि बाकीच्यांना तीस-तीस दिलं तर ब ब्याऐंशी, आम्ही ऐंशी, अ सत्तर.

म्हणजे ‘अ सर्वांत चांगलं’ असं हा तक्ता सांगत नव्हता. ते वजनावर ठरत होतं, आणि मी ते लिहिलं नाही. तिन्ही प्रकारे वजनं देऊनही या दोन गोष्टी टिकल्या : क शेवटी, आणि आम्ही एकदाही पहिले नाही. चौथी ओळ झाकली तर पंधरापैकी तेरा गुणांनी आम्ही ब च्या बरोबरीने वर होतो. आमची सगळी पिछाडी त्या एका ओळीत होती.

मॅडम म्हणाल्या, “निष्कर्ष एका वाक्यात लिही. वरच्यांना तक्ता वाचायला वेळ नसतो.”

मी लिहिलं : ‘आपलं अ‍ॅप कोणत्याही हिशेबात पहिलं नाही, कारण एकच, उत्तर न आल्यावर ते व्यवहार फसला असं सांगतं, नवी सुविधा थांबवून आधी हे दुरुस्त करावं.’ एकाने ‘सुधारणेस वाव आहे’ असं सुचवलं. मॅडमनी माझं वाक्य ठेवलं, फक्त बेचाळीस खुणांचा जुना तक्ता फाइलमधून काढून टाकायला सांगितला. मी तो शेवटच्या पानावर ठेवू द्या म्हटलं. निकष कुठून आणले की काय होतं, हे पुढच्या माणसाला दिसायला हवं.

दुरुस्तीला अडीच महिने लागले. आता त्या जागी येतं : ‘बँकेकडून उत्तर यायचं आहे. पुन्हा पाठवू नका.’ मी फोन करून बाबांना वाचून दाखवलं.

“हेच तं म्हनत होतो,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात फोन कटला.