तीनशे मिलिसेकंद

ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले होते, पण पडद्यावर ‘पैसे येणे बाकी’ असंच दिसत होतं. मी तेव्हा ज्यांचं काम पाहत होतो, त्यांच्याकडे एकाच नोंदीवर दोन मशिनं लिहायची आणि ज्या नोंदीवरची वेळ नंतरची, ती खरी, असा नियम होता. पहिल्या मशिनने ‘बाकी’ लिहिलं 10:00:00.500 ला. दुसऱ्याने 120 मिलिसेकंदांनी ‘मिळाले’ लिहिलं, पण त्याचं घड्याळ 300 मिलिसेकंद मागे होतं. त्यामुळे नोंदीवर वेळ पडली 10:00:00.320. नियमाप्रमाणे खरी नोंद जुनी ठरली आणि फेकली गेली.

लॉग चाळताना संशय आला, कारण त्यात उत्तर आधी आणि प्रश्न नंतर होता. दुसऱ्या मशिनवर `chronyc tracking` चालवलं:

```
Leap status     : Not synchronised
```

फायरवॉलमध्ये यूडीपीचं 123 क्रमांकाचं पोर्ट बंद झालं होतं. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दशलक्षाला वीस भाग एवढी चूक सहज असते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. तीनशे मिलिसेकंदांना चार तासांहून थोडा जास्त वेळ पुरतो.

डेव्हिड मिल्स यांनी 1985 साली मांडलेल्या एनटीपीची युक्ती मला आजही सुंदर वाटते. मशीन विचारतं तेव्हा आपली वेळ टिपतं. सर्व्हर प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची वेळ टिपतो. उत्तर हाती आल्यावर मशीन चौथी वेळ टिपतं. समजा आमच्या मशिनच्या घड्याळात प्रश्न 0 ला निघाला आणि उत्तर 101 ला आलं. सर्व्हरच्या घड्याळात ते आकडे 350 आणि 351. सर्व्हरने 1 मिलिसेकंद घेतला, म्हणजे प्रवास 100 चा. जाताना फरक 350 दिसतो, येताना 250. सरासरी 300: आपण एवढे मागे आहोत.

सर्व्हरला वेळ कुठून मिळते, याची वंशावळ म्हणजे स्ट्रेटम. अणुघड्याळ किंवा जीपीएस शून्य, त्याला थेट जोडलेला सर्व्हर एक, त्याला विचारणारा दोन, असं पंधरापर्यंत. सोळा म्हणजे वेळ जुळलेलीच नाही. पण स्ट्रेटम हा अचूकतेचा दर्जा नव्हे. तो फक्त मुळापासून किती पायऱ्या हे सांगतो. दूरच्या स्ट्रेटम एकपेक्षा शेजारच्या रॅकमधला स्ट्रेटम दोन मला अनेकदा जास्त भरवशाचा वाटतो.

कारण वरच्या हिशेबात जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो, असं धरलेलं असतं. जाताना 80 आणि येताना 20 लागले, तर आमचं मशीन खरं म्हणजे 270 मागे असतं, पण हिशेब 300 च सांगतो. तीसची ही चूक त्या चार आकड्यांत कुठेच दिसत नाही, कितीही वेळा विचारलं तरी. ती प्रवासाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही, एवढीच हमी. म्हणून सर्व्हर निवडताना मी आधी प्रवासाचा आकडा पाहतो, मग स्ट्रेटम.