वहीतली तारीख

आमचं किराणा दुकान वडगाव निंबाळकरात नीरा-बारामती रस्त्याला लागून आहे. वडिलांनी थाटलं, नंतर चाळीसेक वर्षं मी चालवलं. मुलगा पुण्यात नोकरीला, तो काही गल्ल्यावर बसायचा नाही. गुडघ्यांनी पोत्यांशी काडीमोड घेतला तेव्हा विकायचं ठरवलं. गिऱ्हाइकं दोन आली. एक भाचा, दुसरा बारामतीकडचा कोणी अनोळखी व्यापारी.

व्यापारी म्हणाला, गाळ्याचे अठरा लाख, सगळे खरेदीखताच्या दिवशी. भाच्याचं बोलणं बारा लाखांचं. चार आत्ता, बाकीचे दरवर्षी ऊसबिलावर. "मामा, घरातच राहील की," म्हणाला.

मालाची अडचण नव्हती. एक दिवस दुकान बंद ठेवून रॅक रिकामे केले. धड माल खरेदी बिलाच्या भावानं धरला, मुदत जवळ आलेले बिस्किटांचे पुडे निम्म्यानं, पोरकिडा लागलेला रवा शून्यात. तीन लाख दहा हजार झाले. तो आकडा दोघांनीही मान्य केला.

खरा घोळ उधारीचा. वहीत दोन लाख साठ हजार दिसत होते. आमच्याकडं सोमेश्वरचं गाळप सुरू होऊन बिलं निघाली की उधारी सुटते, तोवर तेल-साखर वहीवरच जाते. व्यापाऱ्यानं वही हातात घेतली आणि बेरजेकडं न बघता विचारलं, "सही कुठवर आहे?"

मी चमकलो. हा प्रश्न धंद्यातलाच माणूस विचारतो. माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा केला नाही, तर उधारी कायद्यानं वसूल करता येत नाही. पण ती मुदत संपायच्या आत गिऱ्हाइकानं बाकी कबूल करून सही केली, तर तीन वर्षं पुन्हा नव्यानं मोजतात. म्हणून दिवाळीच्या पाडव्याला नवी वही काढताना मागची बाकी पुढं ओढायची आणि शेजारी तारखेसह सही घ्यायची, ही वडिलांची शिस्त. कोर्टात मी कधीच गेलो नाही, पण सही केलेला माणूस रस्त्यात तोंड चुकवत नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून मात्र माझ्याच हातून आळस झाला होता. व्यापाऱ्यानं पानं उलटून साठ हजार बुडीत काढले. उरलेले दोन लाखही त्याला नको होते. "ही माणसं तुमची आहेत, मला ओळखत नाहीत," म्हणाला.

भाचा पूर्ण उधारी घ्यायला तयार होता. म्हणून त्याला पंधरा दिवस गल्ल्यावर बसवला. पोरगा कष्टाळू, गोड बोलणारा. मोबाइलवर पैसे आल्याचा आवाज झाला की खूश. पण वही उघडली तर नुसतं 'वरची आळी, 640'. कोण, कधी, काय नेलं, काही नाही. विचारलं तर म्हणाला, "माझ्या ध्यानात आहे, मामा." ध्यानातल्या उधारीवर दुकानं बसलेली मी पाहिलीत.

तरीही मन त्याच्याकडंच ओढत होतं. त्यात कागदाची गोष्ट निघाली. गाळा वडिलांच्या नावचा, मृत्युपत्र नाही. म्हणजे निम्मा हिस्सा बहिणीचा, तिच्या सहीशिवाय पूर्ण गाळा कुणालाच विकता येत नाही. शिवाय वारसा कायद्याच्या 22व्या कलमानं, मी माझा हिस्सा परक्याला द्यायचा म्हटलं तर तो आधी विकत घ्यायचा हक्क तिला. भाच्याला नाही, तिला. म्हटलं, आता ती पोरासाठी अडून बसणार.

ताई आली. चहा होईस्तोवर गप्प होती. मग म्हणाली, "तू त्याला दिलंस तर हप्ता थकला की तू माझ्या दारात मागायला येणार. मग भाऊबीजेला मी ओवाळायचं कुणाला, भावाला का सावकाराला?" थोड्या वेळानं हसून पुढं म्हणाली, "आणि माझ्या निम्म्याचं काय? ते काय पोटच्या पोराकडून हप्त्यानं घेऊ?"

बारामतीच्या निबंधक कार्यालयात दोघांनी अंगठे टेकवले. नऊ लाख तिचे, नऊ माझे. भाचा दोन महिने बोलला नाही. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही, अठरा आणि बारातलं अंतर त्यालाही कळत होतं, पण मामानं ते मोजावं हे त्याला लागलं.

उधारी माझ्याकडंच राहिली. दिवाळीच्या आधी मीच त्याच्या घरी गेलो. म्हटलं, गुडघ्यांनी घरोघर जाणं होत नाही, वसूल होईल त्यातलं निम्मं तुझं. पाडव्याला मोटारसायकलवर जुनी वही बांधून निघाला. संध्याकाळी परत आला तेव्हा अकरा सह्या होत्या, रोख सात हजार. वरच्या आळीचे 640 देणारा मात्र त्याला काही केल्या सापडला नाही.

मी वही चाळली. प्रत्येक सहीखाली तारीख होती. एका ठिकाणी तर वेळसुद्धा.